९७ टक्क्यांचं खोटं

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार, सकाळी साडेदहा. पडद्यावर सहा स्प्रिंटचा तक्ता लागला होता. राखाडी आणि हिरव्या खांबांच्या सहा जोड्या, आणि प्रत्येक जोडीतले दोन्ही खांब जवळजवळ एकाच उंचीचे. वर ठळक अक्षरांत ९७ टक्के. आमच्या मॅनेजरने तो आकडा क्लायंटला दाखवला आणि त्याच्या जोरावर शब्द देऊन टाकला, की उरलेलं मॉड्यूल ११ नोव्हेंबरला तुमच्या हातात असेल. मी त्या खोलीत होते. मी तिथल्या तिथे म्हणाले, की हा आकडा बरोबर नाही, यात मधे घुसलेली कामं मिसळली आहेत. मला उत्तर मिळालं, "आकडा टूलमधून आलाय, त्यात कुणी हात घातलेला नाही."

टूलमधून आलेला आकडा खोटा नसतो, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात महाग पडणारी अंधश्रद्धा आहे. त्या आकड्यात कुणी हात घातला नव्हता हे खरं. हात घालायची गरजच नव्हती. चुकीच्या दोन गोष्टींचा भागाकार केला होता, आणि तो दर पंधरवड्याला, वर्षभर, टीम बघत असताना केला जात होता.

मी पुण्यात पगाराचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका टीममध्ये काम करते. दोन आठवड्यांचा स्प्रिंट, बुधवारी सुरू, पुढच्याच्या पुढच्या मंगळवारी बंद. पहिल्या दिवशी प्लॅनिंग होतं, कामांना स्टोरी पॉइंट दिलेले असतात, आणि या दोन आठवड्यांत एवढं करू असं टीम ठरवते. शेवटी त्यातलं किती झालं हे बघायचं. ठरवलं किती आणि झालं किती, यांच्या प्रमाणाला आमच्याकडे सगळे 'से-डू रेशो' म्हणतात. कल्पना इतकी सोपी आहे, की तिच्यात लबाडीला जागा आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. लबाडी 'झालं' या एका शब्दात आहे. काय झालं? ठरवलेलं झालं, की काहीतरी झालं?

जिरामध्ये वेलॉसिटी चार्ट नावाचा तक्ता आहे. त्यातला राखाडी खांब म्हणजे स्प्रिंट सुरू करायचं बटण दाबलं त्या क्षणी आत असलेल्या कामांचे पॉइंट. नंतर आत आलेलं काही त्यात मिळवलं जात नाही. हिरवा खांब म्हणजे स्प्रिंट बंद करताना पूर्ण असलेल्या सगळ्या कामांचे पॉइंट. ते काम पहिल्या दिवशी आत होतं की नवव्या दिवशी कुणीतरी फोन करून घुसवलं, हे हिरवा खांब विचारत नाही. टीमच्या हातून साधारण किती काम निघतं हे बघायला तो तक्ता ठीक आहे. पण हिरव्याला राखाडीने भागून 'आमचं काम किती भरवशाचं आहे' असं सांगायला सुरुवात केली, की वरचा आणि खालचा आकडा वेगवेगळ्या कामांचा होतो. लग्नाला बोलावलेले दोनशे, जेवले दोनशे, म्हणून बोलावलेले सगळे आले असं कुणी म्हणेल का? पंगतीत निम्मे आगंतुक असू शकतात.

९ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंतचे आमचे सहा स्प्रिंट मी हाताने मोजले. प्रत्येक स्प्रिंटच्या रिपोर्टमध्ये मधे घुसलेल्या तिकिटापुढे छोटी चांदणी असते. त्या चांदण्या असलेली कामं वेगळी काढली. एवढंच केलं. दोन तास लागले.

| स्प्रिंट | ठरवलेले पॉइंट | त्यातले पूर्ण | मधे घुसून पूर्ण झालेले |
|---|---|---|---|
| १ | ४० | ३१ | ९ |
| २ | ४२ | २४ | १५ |
| ३ | ३८ | ३४ | ४ |
| ४ | ४४ | २३ | १९ |
| ५ | ४० | ३० | ८ |
| ६ | ४० | २६ | १४ |

ठरवलेले एकूण २४४. शेवटचे दोन रकाने मिळवले तर २३७ होतात, म्हणजे ९७ टक्के. पडद्यावर लावलेला आकडा हाच. पण ठरवलेल्यांपैकी झाले फक्त १६८. म्हणजे ६९ टक्के. आम्ही दर दहा पॉइंटमागे तीन पॉइंटचं काम शब्द देऊन केलं नाही, आणि त्या जागी जे केलं ते कुणाला सांगितलंच नाही.

'मधे आलेलं कामसुद्धा कामच आहे ना? मग ते मोजायचं नाही का?' हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, आणि विचारणारा दर वेळी असा आव आणतो, की मी टीमचे कष्ट नाकारते आहे. उलट त्या कष्टांवर बोळा फिरवणारा तुमचा हिरवा खांब आहे.

२८ ऑगस्टची संध्याकाळ सांगते. गणपती आदल्या दिवशी बसले होते. टीममधले चार जण कोकणात गावी गेले होते. ऑफिसात मी, एक डेव्हलपर आणि आमची टेस्टर. ती रजा रोखीकरणाची आठ पॉइंटची स्टोरी तपासत होती आणि निम्म्यावर आली होती. साडेपाचला एका ग्राहक कंपनीच्या पेरोल विभागातून फोन आला. त्यांच्याकडे पीएफची कपात पंधरा हजारांच्या मर्यादेवर होते, म्हणजे बारा टक्क्यांनी महिना १,८०० रुपये. त्या महिन्यात नव्या बदलामुळे काही जणांची कपात पूर्ण बेसिकवर झाली होती. ३० हजार बेसिक असलेल्या माणसाचे १,८०० च्या जागी ३,६०० कापले जात होते. ३१ तारीख रविवारी येत होती, म्हणून पगार शुक्रवारी २९ लाच बँकेत जायचा होता. हाताशी एक रात्र.

डेव्हलपरने चूक शोधली. टेस्टरने प्रत्येक प्रकारच्या कर्मचाऱ्याची कपात कागदावर करून पडद्याशी ताडून बघितली: मर्यादेखालचे, मर्यादेवरचे, स्वखुशीने जास्त भरणारे, महिन्याच्या मधे रुजू झालेले. रात्री पावणेदोनला बदल प्रॉडक्शनला गेला. सकाळी पगाराची फाइल पुन्हा काढून दिली. त्याच सकाळी त्या कामाचं तिकीट बनलं, त्यालाही आठ पॉइंट दिले गेले, आणि ते दुपारी पूर्ण म्हणून बंद झालं.

आता तक्ता काय सांगतो बघा. रजा रोखीकरणाचे आठ गेले, पीएफ दुरुस्तीचे आठ आले. राखाडी खांब जिथे होता तिथेच, हिरवा जिथे होता तिथेच. त्या तक्त्याच्या लेखी २८ ऑगस्टची रात्र झालीच नाही. ती पोरगी पावणेदोनपर्यंत बसली होती याचा मागमूस नाही, ग्राहकाला कबूल केलेलं काम पुढे ढकललं गेलं याचाही नाही. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींतून वजा करून शून्य दाखवणाऱ्या हिशोबाला मी हिशोब म्हणत नाही.

आणि हे शून्य महागात पडतं. त्याआधीचं वर्षभर आम्ही मॅनेजरकडे मागत होतो, की महिनाअखेरीच्या फोनसाठी वेगळी माणसं द्या. दर वेळी हाच तक्ता तोंडावर फेकला जायचा. कामं तर ठरल्याप्रमाणे होतायत, मग माणसं कशाला? आमच्याच रात्रींनी भरलेला हिरवा खांब आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जात होता.

म्हणून मधल्या कामाला स्वतःचा रकाना हवा, तोही ठळक. वरच्या तक्त्यातला शेवटचा रकाना सलग वाचा: ९, १५, ४, १९, ८, १४. एकाआड एक उडी आहे. दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या स्प्रिंटमध्ये महिनाअखेर आली होती. पगाराच्या सॉफ्टवेअरचे फोन २५ तारखेपासून वाढतात हे आमच्या रखवालदारालाही माहीत आहे. तरी एकाही प्लॅनिंगमध्ये ते धरलं नव्हतं. चौथ्या स्प्रिंटमध्ये तर कहर झाला. २० ऑगस्ट ते २ सप्टेंबर, म्हणजे गणपती आणि महिनाअखेर एकाच पंधरवड्यात. आणि त्याच स्प्रिंटमध्ये सगळ्यात जास्त, ४४ पॉइंट ठरवले गेले, कारण तिसऱ्यातले चार राहिले होते आणि ते 'भरून काढायचे' होते. सुट्टीवर कोण जाणार याची यादी भिंतीवर लावलेली होती. ती कुणी वाचली नाही, कारण मागच्या स्प्रिंटचा तक्ता शंभर टक्के म्हणत होता.

ही उडी एका स्प्रिंटमध्ये दिसत नाही, दोनमध्येही नाही. म्हणून सलग स्प्रिंट बघायचे. पहिल्या स्प्रिंटचे खरे टक्के साडेसत्त्याहत्तर, दुसऱ्याचे ५७. या दोघांची तुलना करून 'टीम घसरली' म्हणणारा माणूस मोजमाप करत नसतो, कान उपटायला निमित्त शोधत असतो. आमच्या एका स्प्रिंटमध्ये सात ते नऊ स्टोऱ्या असतात. त्यातली आठ पॉइंटची एक स्टोरी मंगळवार दुपारऐवजी बुधवारी सकाळी संपली, तर ४० पैकी ८ गेले, म्हणजे टक्केवारी वीसने पडली. एका सकाळच्या फरकाने वीस टक्के हलणारा आकडा एकट्याने काहीही सांगू शकत नाही. सहा स्प्रिंट घेतले की अशा एखाद्या स्टोरीचा धक्का विरतो आणि जे वारंवार घडतं ते वर येतं. त्याहून फार मागे गेलात, तर टीममधली माणसं बदललेली असतात आणि तुम्ही भलत्याच टीमचा हिशोब करत बसता.

सहा स्प्रिंटच्या टक्केवाऱ्यांची सरासरी काढू नका. पॉइंटांची बेरीज करा आणि मग एकदाच भागा, नाहीतर २० पॉइंटचा लहान स्प्रिंट आणि ४४ चा मोठा स्प्रिंट यांना सारखंच वजन मिळतं. आणि बेरजेच्या शेजारी सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगला स्प्रिंट लिहा. आमचे ते ५२ आणि ८९ होते. ६९ टक्क्यांपेक्षा ही दरी जास्त बोलकी आहे. दर वेळी ६५ ते ७२ टक्के करणाऱ्या टीमला मी भरवशाची म्हणेन. ती थोडं जास्त ठरवते, पण किती जास्त ठरवते ते पक्कं माहीत आहे आणि तेवढं वजा करता येतं. ५२ ते ८९ मध्ये हेलकावणाऱ्या टीमला वजाबाकी करून भागत नाही, तिच्या हेलकाव्याचं कारण शोधावं लागतं.

मोजणीच्या आणखी एका जागी घसरण होते, ती सांगणं भाग आहे. स्प्रिंटच्या मधे एखाद्या स्टोरीचे पॉइंट बदलले, तर तो चार्ट राखाडी खांबात जुने धरतो आणि हिरव्यात नवे. पाचची स्टोरी आठची केली आणि पूर्ण झाली, की ठरवले पाच आणि झाले आठ. म्हणून प्लॅनिंगच्या संध्याकाळी तिकिटांचे नंबर आणि पॉइंट एका शीटमध्ये उतरवून ठेवायचे आणि शेवटी त्याच यादीवर खुणा करायच्या. झालं किंवा नाही झालं. नव्वद टक्के झालं असं काही नसतं. नव्वद टक्के झालेल्या पीएफच्या हिशोबाने कुणाचा पगार होत नाही.

आता अप्रेझलबद्दल. आमच्याकडे लीड लोकांच्या केआरएमध्ये एक ओळ होती: से-डू रेशो नव्वदच्या वर. ती ओळ लिहिणाऱ्याला विचारलं की नव्वदच का, तर उत्तर असतं, की मोठ्या कंपन्यांत ८० ते १०० चा पट्टा चालतो. तो पट्टा सेफ नावाच्या पद्धतीतला आहे, आणि तिथे तो स्प्रिंटच्या पॉइंटांना लावलेलाच नाही. आठ-बारा आठवड्यांच्या नियोजनात ठरवलेल्या उद्दिष्टांना धंद्याची माणसं मूल्य देतात, शेवटी त्यातलं किती हाती आलं ते तीच माणसं ठरवतात, आणि त्या प्रमाणाचा तो पट्टा आहे. काम वापरणारा माणूस गुण देतो. आमच्याकडे काम करणाऱ्याने स्वतःला दिलेल्या पॉइंटांवर तोच पट्टा चिकटवला आणि वर त्याला माणसाची पगारवाढ बांधली. स्क्रम गाइडने तर २०११ मध्येच स्प्रिंटमधल्या कामाच्या यादीसाठी 'कमिटमेंट' हा शब्द काढून 'फोरकास्ट' म्हणजे अंदाज हा शब्द घातला. त्याला चौदाहून जास्त वर्षं झाली. आमच्या मॅनेजरांनी अजून अंदाजाची शपथ करून ठेवली आहे, आणि शपथ मोडली की शिक्षा.

शिक्षा ठरली की माणसं काय करतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यांना दोष देणार नाही, कारण घर त्यांनाही चालवायचं आहे. शेवटच्या सोमवारी आठ पॉइंटची अर्धी स्टोरी फाडून पाच आणि तीनची केली जाते. पाच 'झाली', तीन पुढे. पाचच्या त्या तुकड्यात वापरण्याजोगं काहीही नसतं. पडदा आहे, पण जतन होत नाही. ओळखायचं असेल तर तिकिटं बनल्याच्या तारखा बघा. स्प्रिंट संपायच्या आदल्या दोन दिवसांत फुटलेल्या स्टोऱ्या किती, हे मोजलं की सगळं उघडं पडतं. आमच्या शेजारच्या टीममध्ये केआरए लागू झाल्यावर अशा स्टोऱ्या जवळजवळ प्रत्येक स्प्रिंटमध्ये दिसू लागल्या. त्याआधी क्वचित दिसायच्या.

दुसरा मार्ग जास्त शांतपणे केला जातो. कमी ठरवायचं. ४० झेपत असताना २५ ठरवायचे, आठव्या दिवशी संपवायचे, उरलेले दोन दिवस पुढच्या कामातलं काहीतरी ओढून घ्यायचं. रेशो शंभर, कधीकधी सव्वाशे. किंवा पॉइंट फुगवायचे: कालची तीनची स्टोरी आज पाचची. अशा टीमचा से-डू रेशो बघून काही कळत नाही. तिने किती स्टोऱ्या संपवल्या ते मोजा, आणि एका स्टोरीला हातात घेतल्यापासून संपेपर्यंत किती दिवस लागले ते बघा. पॉइंट वाढतायत, स्टोऱ्यांची संख्या तेवढीच आणि दिवस तेवढेच, म्हणजे फुगवटा. ठरवलेलं कमी झालं आणि सगळं दुसऱ्या बुधवारीच संपतंय, म्हणजे टीम भीतीने हात आखडून बसली आहे. लागोपाठ सहा स्प्रिंट शंभर टक्के करणारी टीम मला दाखवा, मी तिच्या मॅनेजरला सगळ्यात आधी हटवायला सांगेन. सॉफ्टवेअरमध्ये सहा पंधरवडे काहीच अनपेक्षित घडत नाही, असं होत नाही. घडतं, आणि माणसं ते लपवतात.

हा आकडा टीमने स्वतःच्या प्लॅनिंगसाठी काढायचा असतो. पुढच्या बुधवारी किती घ्यायचं, ग्राहकाला कोणती तारीख सांगायची, या दोनच कामांसाठी. दोन टीमची तुलना त्याने करायची नाही, कारण दोघांचे पॉइंट वेगळे. माणसाची किंमत त्याने ठरवायची नाही. आणि निरुपयोगी गोष्टीसुद्धा ठरल्याप्रमाणे शंभर टक्के करता येतात, तेव्हा काम उपयोगाचं होतं का, हे या आकड्याला विचारू नये.

तारखेचं मात्र विचारावं. १ ऑक्टोबरला मॉड्यूलचे १२० पॉइंट उरले होते. मॅनेजरने स्प्रिंटला ४० धरले, तीन स्प्रिंट, ११ नोव्हेंबर. माझ्या तक्त्यात ठरवलेल्यांपैकी पूर्ण झालेले १६८, सहा स्प्रिंटमध्ये, म्हणजे स्प्रिंटला २८. एकशेवीसला अठ्ठावीसने भागा, सव्वाचारच्या वर येतात. पाच स्प्रिंट, म्हणजे ९ डिसेंबर. सगळ्यात चांगल्या स्प्रिंटच्या गतीने, ३४ ने, चार स्प्रिंट लागले असते आणि २५ नोव्हेंबर आली असती. सगळ्यात वाईट गतीने, २३ ने, सहा स्प्रिंट आणि २३ डिसेंबर. ग्राहकाला प्रामाणिक उत्तर एवढंच होतं: ९ डिसेंबर, आणि बिनसलं तर २३. ११ नोव्हेंबर गाठायची तर सलग तीन स्प्रिंट ४० पॉइंट करावे लागले असते, जे त्या तीन महिन्यांत आम्ही एकदाही केले नव्हते.

प्रत्यक्षात ऑक्टोबरच्या पहिल्या स्प्रिंटला ३२ झाले. दुसऱ्यात दिवाळी. त्या महिन्यात ग्राहकांनी पगार आणि बोनस आधीच द्यायचं ठरवलं, त्यामुळे महिनाअखेरीचे फोन १५ तारखेपासूनच सुरू झाले, आणि ठरवलेल्यांपैकी झाले १७. त्यानंतर २७, आणि ११ नोव्हेंबरनंतरच्या स्प्रिंटमध्ये ३१. ११ नोव्हेंबरला हातात होते ७६. क्लायंटने त्या तारखेवर भरवसा ठेवून त्यांच्या शाखांमधली प्रशिक्षणं ठरवून ठेवली होती. ती रद्द झाली. आमच्या टीमला चार शनिवार बोलावण्यात आलं. आणि मीटिंगमध्ये पहिला प्रश्न विचारला गेला, की टीम कुठे कमी पडली. टीम कुठेही कमी पडली नव्हती. टीमने जुलैपासून स्वतःच्या गतीचा पुरावा दर पंधरवड्याला तिकिटांत लिहून ठेवला होता. तो वाचायचं ज्याचं काम होतं, त्याने तो न वाचता तोंडाला येईल ती तारीख देऊन टाकली. मॉड्यूल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलं.

त्यानंतर एक गोष्ट बदलली, कारण मी आणि दोघा लीडनी तो तक्ता छापून मॅनेजरच्या वरच्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. प्लॅनिंगला बसताना आम्ही आधी कॅलेंडर उघडतो. ज्या स्प्रिंटमध्ये २५ ते ३१ चे दिवस जास्त येतात, त्यात दोन जण फक्त फोनवरच्या कामासाठी काढून ठेवतो आणि ठरवलेले पॉइंट २४ वर आणतो. एरवी ३४. 'एकाआड एक' असा नियम केला नाही, कारण स्प्रिंट चौदा दिवसांचा आणि महिना तीस-एकतीसचा, त्यामुळे महिनाअखेर हळूहळू सरकते आणि कधी दोन स्प्रिंटमध्ये विभागली जाते.

१० डिसेंबर ते ३ फेब्रुवारी, चार स्प्रिंट: ३४ पैकी ३१, २४ पैकी २१, ३४ पैकी ३०, २४ पैकी २२. एकूण ११६ पैकी १०४, म्हणजे ९० टक्के, आणि सगळ्यात वाईट स्प्रिंट साडेसत्त्याऐंशीचा. चारच स्प्रिंट आहेत, आणखी दोन होईपर्यंत मी त्यावर पैज लावणार नाही. आणि हेही सांगते, की स्प्रिंटला २८ च्या जागी आता २६ होतात. गती वाढली नाही, थोडी उतरली. मधली कामं पूर्वीइतकीच, स्प्रिंटला अकराच्या आसपास येतात, आणि ती दोन माणसं दिवसाढवळ्या करतात. आमची टेस्टर डिसेंबरपासून एकदाही रात्री नऊनंतर ऑफिसात थांबलेली नाही.

'२८ वरून २६ का झाले?' हा पहिला प्रश्न अर्थातच मॅनेजरचा होता. मी त्याला मागचे सहा आणि पुढचे चार असे दोन्ही तक्ते शेजारी ठेवून दाखवले, आणि ११ नोव्हेंबरची किंमत कुणी भरली ते तोंडावर सांगितलं.

४ फेब्रुवारीला क्लायंटने पुढच्या कामाची तारीख विचारली. ७० पॉइंट. स्प्रिंटला २६, तीन स्प्रिंट, १७ मार्च. एखादा पंधरवडा वाया गेला तर ३१ मार्च. मी दोन्ही तारखा सांगितल्या. क्लायंटच्या प्रोजेक्ट बघणाऱ्या बाईंनी दोन्ही लिहून घेतल्या, मग विचारलं, "मागच्या वेळी तुम्ही हे असं का नाही सांगितलं?" मॅनेजर काही बोलला नाही. मी जुलै ते सप्टेंबरचा तक्ता पडद्यावर लावला, शेवटच्या रकान्यासकट, आणि पहिल्या ओळीपासून सांगायला सुरुवात केली.